धूर डक्टमधून, राग ग्रुपवर

वाचकाचं पत्र

आम्ही पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. घरात सव्वा वर्षाचं बाळ आहे आणि सासऱ्यांना दमा आहे. खालच्या फ्लॅटमध्ये तीन मुलं भाड्यानं राहतात. रोज रात्री अकरानंतर आमच्या बाथरूममध्ये सिगारेटचा वास येतो आणि तिथून तो बेडरूमभर पसरतो. थंडी सुरू झाल्यापासून फारच वाढलंय, म्हणजे हे लोक आता जास्तच ओढतात. वास आला की मी लगेच सगळ्या खिडक्या लावते आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट जोरात चालू करते, तरी तासभर जात नाही. घरमालक म्हणतात, 'ॲडजस्ट करा'. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला मेसेज लिहून ठेवलाय, सोबत पाठवते. नवरा म्हणतो, आपणही भाडेकरूच, कशाला वैर घ्यायचं. गंमत म्हणजे याच बिल्डिंगमध्ये आम्ही रविवारी सुकट भाजली, तर समोरच्या काकू धाडकन दार लावतात आणि सेक्रेटरींकडे आमचं नाव सांगतात. मेसेज पाठवू का?

उत्तर

ग्रुपवर नका पाठवू. पण गप्पही बसू नका. मेसेज जायला हवा, फक्त तो दुसरा असायला हवा आणि दुसऱ्या ठिकाणी जायला हवा. त्याआधी तुमच्या स्वयंपाकघरातला तो एक्झॉस्ट बंद करा.

तुम्ही पंखा लावता तो धूर बाहेर जावा म्हणून, पण प्रत्यक्षात तोच धूर आत ओढतोय. एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतो. ती जेवढी बाहेर जाईल तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. खिडक्या तुम्ही लावून घेतल्या. मग हवा येणार कुठून? बाथरूमच्या त्या काचेच्या पट्ट्यांमधून, कारण त्या कधीच पूर्ण मिटत नाहीत. म्हणजे थेट डक्टमधून, सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात त्या उभ्या पोकळीतून. स्वयंपाकघरातला साधा पंखा टू बीएचकेमधली सगळी हवा तासाभरात एकदा तरी सहज बदलतो. तेव्हा तुमचा तो 'तासभर वास जात नाही' मधला बराचसा तास तुमच्याच पंख्याचा आहे.

थंडीचंही तसंच. हिवाळ्यात रात्री बाहेर गारठा असतो, पण दिवसभर तापलेल्या भिंती आणि गिझरचं पाणी यांनी इमारतीच्या पोटातली हवा ऊबदार असते. ऊबदार हवा डक्टमधून वर चढते, जशी चुलीच्या धुराड्यातून चढते. त्यात हिवाळ्यात सगळ्यांच्याच खिडक्या बंद. तेव्हा खालची मुलं नोव्हेंबरपासून जास्त ओढायला लागली असतील किंवा नसतीलही. मार्चमध्ये ओढत होती तेवढीच ओढत असतील आणि फक्त धुराची वाट बदलली असेल. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाहीये. 'तुम्ही हल्ली फार ओढता' या वाक्यानं तुम्ही सुरुवात केलीत आणि ते खोटं निघालं, तर पुढचं एकही वाक्य कुणी वाचणार नाही.

म्हणून आधी एका संध्याकाळी वीस मिनिटं काढा आणि एक उदबत्ती घ्या. खिडक्या बंद, छताचे पंखे बंद, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू. आता पेटलेली उदबत्ती बाथरूमच्या पट्ट्यांजवळ हातभर आत धरा आणि धुराची रेघ कुठे झुकते ते पाहा. ती खोलीकडे झुकली, तर हवा डक्टमधून आत येते आहे. मग मुख्य दाराच्या खालच्या फटीपाशी धरा, न्हाणीच्या जाळीवर धरा, डक्टच्या बाजूच्या भिंतीतल्या स्विचबोर्डपाशी धरा. कधीकधी वायरींच्या पाइपातूनही हवा येते आणि माणूस महिनाभर खिडकीवर संशय घेत राहतो. हे झालं की एक्झॉस्ट बंद करा, रस्त्याकडची खिडकी चार बोटं उघडा आणि तीच फेरी पुन्हा मारा. पट्ट्यांजवळची रेघ सरळ उभी राहिली किंवा बाहेर झुकली, तर अर्धं काम झालं.

न्हाणीची जाळी मी उगाच घेतली नाही. तिच्या खालच्या ट्रॅपमध्ये पाणी साठलेलं असतं आणि तेच खालचा वास अडवतं. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये ते सुकतं. तिथे दोन-तीन दिवसांनी एक तांब्या पाणी ओता. मात्र तिथून येणारा वास गटाराचा असतो, सिगारेटचा नव्हे, हा फरक नोंद करताना ध्यानात ठेवा.

एवढ्यावर धूर पुरेसा कमी झाला नाही, तर बाथरूमच्या खिडकीत छोटा एक्झॉस्ट बसवा, झडपेचा. पंखा चालू असताना झडप उघडते, बंद झाला की आपोआप मिटते. बाकीच्या पट्ट्यांच्या जागी ॲक्रिलिकची पाटी बसवून कडा सिलिकॉननं बुजवता येतात. पण थांबा. त्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर खिडकी अजिबात बुजवायची नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं दगावतात, आणि त्या वायूला वास नसतो. आधी गिझर विजेचा करा किंवा बाहेर हलवा, मगच खिडकीला हात लावा. घर मालकाचं असल्यानं बदल करण्यापूर्वी त्यांना लेखी विचारा. 'ॲडजस्ट करा' म्हणणारा मालकही झडपेच्या पंख्याला सहसा नाही म्हणत नाही, कारण पंखा त्याच्याच घरात राहतो.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदार तेच आधी दाखवेल. त्यातला हेपा फिल्टर धुराचे कण पकडतो. वास आणि वायू पकडायला कोळशाचा फिल्टर लागतो, आणि तोही भरला की बदलावा लागतो. धूर येतच राहिला तर यंत्र नुसतं पाठलाग करत बसतं. बाळाच्या खोलीत ठेवायचं तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर पट्ट्या उघड्या सोडू नका. दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराला 'इतका चालतो' अशी सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांना त्यानं छातीचे आणि कानाचे संसर्ग वाढतात, दमेकऱ्याला झटका येऊ शकतो. म्हणून हे सगळं मिटेपर्यंत बाळाला आणि सासऱ्यांना बाथरूमला लागून असलेल्या खोलीत झोपवू नका, आणि त्या बाथरूमचं दार लावून खाली एक टॉवेल सारा.

आता तुमचा मेसेज. तो मी तीनदा वाचला. त्यातलं 'काही लोकांना संस्कारच नसतात' हे वाक्य तुम्ही रात्री साडेअकराला लिहिलं असणार. तुमच्या जागी मी काही वेगळं लिहिलं नसतं. पण त्यात पुढे 'फॅमिली सोसायटीत बॅचलर ठेवूच नयेत' असंही आहे, आणि इथे मी अडले.

हा मेसेज ग्रुपवर गेला तर काय होईल, ते तुम्हालाही ठाऊक आहे. दोन तासांत चाळीस अंगठे येतील. मग कुणीतरी गेल्या वर्षीच्या पार्टीचा विषय काढेल, कुणी त्यांच्याकडे येणाऱ्या मुलींचा. धुराचा विषय संपेल आणि मुलांचा सुरू होईल. ग्रुपवर ती मुलं बहुधा नाहीतच, तिथे मालक असतात. म्हणजे ज्यानं सिगारेट विझवायची तो सोडून बाकी सगळी इमारत तो मेसेज वाचेल. पुढे मालकाला फोन, आणि महिनाभराच्या नोटिशीवर मुलं बाहेर. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला काढणं किती सोपं असतं, ते तुमच्या नवऱ्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळलंय. त्यांच्या जागी येणारा ओढत नसेल याची हमी कोण देणार? शिवाय हेच हत्यार काकू तुमच्या सुकटीवर चालवताहेत. ते चालतं हे एकदा सगळ्यांना दाखवून दिलंत, तर पुढचा नंबर कुणाचा ते सांगायला नको.

आणखी एक प्रश्न. ही मुलं बाथरूममध्येच का ओढत असतील? घरात बाल्कनी असताना बाथरूममध्ये कोंडून घेऊन सिगारेट ओढण्यात कसली मजा? मला वाटतं, ते लपताहेत. बाल्कनीत उभं राहिलं तर समोरच्या विंगमधले काका बघतात, सेक्रेटरींना सांगतात, मालकाचा फोन येतो. म्हणजे सोसायटीच्या धाकानंच धूर डक्टमध्ये ढकलला असेल. धाक आणखी वाढवलात तर तो तिथेच राहील, फक्त पट्ट्या लावून ओढतील. हा माझा अंदाज आहे, चुकू शकतो. पण विनंती काय करायची ते या अंदाजामुळे बदलतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ग्रुपवर कुणीतरी 'पोलीस कम्प्लेंट' म्हणणारच. 2003 च्या तंबाखू कायद्यानं सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून तिचे नियम कडक झाले आणि दंड 200 रुपयांपर्यंत आहे. पण माणूस स्वतःच्या घराच्या चार भिंतींत ओढतो ते सार्वजनिक ठिकाण नाही. त्यामुळे या कायद्याचा धाक तुमच्या बाबतीत पोकळ आहे आणि मेसेजमध्ये तो घालू नका. उपयोगी कागद दुसराच आहे. भाडेकरारात बहुतेक वेळा शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं वागणार नाही, असं कलम असतं. त्यांच्या करारात असेल तसं तुमच्याही करारात असेल. काढून वाचा.

आता मी एकदा या पत्राच्या दुसऱ्या टोकाला होते ते सांगते. ठाण्यात आम्ही भाड्यानं राहायचो आणि आमच्याकडे कुत्रा होता. खालच्या मजल्यावरून एकदा निरोप आला, 'तुमचा कुत्रा दिवसभर भुंकतो.' मी चिडले. मी घरात असताना तो कधीच भुंकायचा नाही! शिवाय पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, भुंकण्याचं कारण देऊनही नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तो कागद मी छापून आणला आणि सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवला. जिंकले. पुढचे दोन महिने खालच्या आजोबांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि कुत्रा भुंकतच राहिला.

मग एके दिवशी दाराच्या कडीला कॅलेंडरचं फाडलेलं पान अडकवलेलं दिसलं. मागच्या कोऱ्या बाजूवर आजोबांचं रेखीव अक्षर: 'मंगळवार. 9.10 ते 9.40. नंतर शांत. 1.15 कुरियरवाल्यानं बेल वाजवली, 1.35 पर्यंत. 4 वाजता शाळेची बस, 10 मिनिटं. बुधवार...' असे चार दिवस. खाली एकच ओळ होती: 'मी दुपारी 1 ते 3 झोपतो, तेवढं साधलं तर बरं.'

त्या पानात मला माहीत नसलेली गोष्ट होती. कुत्रा दिवसभर नव्हे, बेल वाजली की भुंकत होता. मी बेलवर 'बेल वाजवू नका, फोन करा' अशी चिठ्ठी चिकटवली, त्याची टोपली दारापासून उचलून आतल्या खोलीत नेली आणि दुपारी पडदे ओढायला लागले. सकाळचा अर्धा तास राहिला. तो आम्ही घराबाहेर पडल्यावरचा आकांत होता, त्याला निघण्याआधी मोठी चक्कर मारून आणायला लागलो तेव्हा कमी झाला, पण पूर्ण कधीच गेला नाही. आजोबांना दुपार मिळाली. तो प्राणी मंडळाचा कागद अजून माझ्या फायलीत आहे, बघितला की लाज वाटते.

आजोबांनी केलं ते तुम्ही दहा रात्री करा. वहीत तारीख, वेळ, कोणत्या खोलीत वास आला, किती वेळ टिकला आणि तुमचा पंखा चालू होता की बंद, एवढंच लिहा. त्या दहा रात्रींत एखादा शनिवार-रविवार यावा असं बघा. मुलं गावाला गेलेली असताना, त्यांच्या दाराला कुलूप असताना धूर आला, तर तो तिसऱ्याच घराचा आहे. डक्टवर खालपासून वरपर्यंत प्रत्येक मजल्याच्या खिडक्या असतात, आणि दुसऱ्या मजल्यावरचे सज्जन काकाही रात्री अकराला आपल्या बायकोपासून लपून ओढत असतील. हे मी गमतीत म्हणते, पण अशी एक गोष्ट मला माहीत आहे. आणि पुरावा गोळा करायच्या नादात डक्टमध्ये मोबाइल धरून व्हिडिओ काढू नका. त्या बाथरूमच्या खिडक्या आहेत, तुम्हीच अडचणीत याल.

नोंद झाली की आधी तोंडी बोला. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला, जिन्यात किंवा त्यांच्या दारात उभ्यानं, दोन मिनिटं. रात्री अकराला धूर येत असताना नव्हे. आणि 'कोण ओढतं रे तुमच्यात?' असंही नव्हे. एवढंच म्हणा: 'मी वर 402 मध्ये राहते. डक्टमधून धूर येतो, घरात बाळ आहे. मी तुम्हाला मेसेज करते, बघाल का?' त्यांच्यातल्या एकाचा नंबर घ्या. लेखी मेसेज त्यानंतर, फक्त त्या नंबरवर. तिघं आपसांत तो फिरवतील आणि ओढणारा कोण हे तुम्हाला कळायची गरजच पडणार नाही. त्यालाही ते बरं वाटेल.

मेसेज साधारण असा लिहा. फ्लॅटचे नंबर आणि आकडे तुमचे घाला:

> नमस्कार. मी 402 मधून. काल जिन्यात बोललो त्याप्रमाणे लिहिते आहे.
>
> रात्री साधारण 11 ते 12.30 या वेळात बाथरूमच्या डक्टमधून सिगारेटचा धूर आमच्या बेडरूममध्ये येतो. गेल्या 10 रात्रींपैकी 7 रात्री आला. डक्टवर बऱ्याच घरांच्या खिडक्या आहेत, त्यामुळे तो तुमच्याकडूनच येतो असं मी म्हणत नाही. पण येत असेल, तर एक विनंती आहे.
>
> आमच्याकडे सव्वा वर्षाचं बाळ आहे आणि सासऱ्यांना दमा आहे. त्यांना थोड्या धुराचाही त्रास होतो. बाथरूमऐवजी रस्त्याकडच्या बाल्कनीत जाता येईल का? आम्ही त्या बाजूची खिडकी 11 नंतर बंद ठेवू. तुम्ही बाल्कनीत उभे असता म्हणून आम्ही कुणाकडेही काही बोलणार नाही.
>
> आमच्या बाजूनं बाथरूमच्या खिडकीला झडपेचा पंखा बसवून घेतो आहोत. 15 दिवस असं करून बघू आणि मग बोलू.
>
> आमचं बाळ पहाटे रडतं, त्याचा किंवा आणखी कशाचा तुम्हाला त्रास होत असेल तर नक्की सांगा. हा मेसेज मी दुसऱ्या कुणालाही पाठवलेला नाही.

यात 'सिगारेट सोडा' असं कुठेही नाही, कारण ते तुमच्या हातात नाही आणि त्यांच्याही एका मेसेजनं होणारं नाही. जागा बदलणं हे उद्या रात्रीपासून होऊ शकतं. आकडे आहेत, पण 'रोज' नाही. दहातल्या तीन रात्री धूर आला नाही हे तुम्ही मान्य केलंत की उरलेल्या सात रात्री खऱ्या वाटतात. आणि बाल्कनीबद्दल कुणाकडे बोलणार नाही हे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. माझा अंदाज बरोबर असेल तर ते बाथरूममधून बाहेर येतील ते या वाक्यामुळे.

बाल्कनीचं लिहिण्यापूर्वी मात्र एक बघा: बाळ झोपतं त्या खोलीची खिडकी त्याच बाल्कनीच्या बरोबर वर नाही ना? बाल्कनीतला धूरही वरच येतो, फक्त उघड्यावर तो लवकर पांगतो. खिडकी वर असेल, तर खाली गेटबाहेर जाण्याची विनंती करा. जिना सुचवू नका, तिथून तो सगळ्या घरांत जाईल.

न पाठवण्यासारखं तुमच्या मसुद्यात आणखी काय होतं? 'माझ्या बाळाला काही झालं तर जबाबदार कोण?' हा प्रश्न. भीती खरी आहे, मी ती हलकी करत नाही. पण वाचणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला त्यात फक्त आरोप दिसेल, आणि आरोपावर माणूस पहिला बचाव करतो तो म्हणजे 'आमच्याकडून येतच नाही'. एकदा असं लिहून बसला की त्याला त्यातून परत फिरता येत नाही.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवस थांबा. नोंद चालू ठेवा. मग दोनच ओळींची आठवण: 'गेल्या आठ दिवसांत पाच वेळा आला. बोलायला कधी सोयीचं होईल?' त्यावरही काही नाही, तर तुमच्या मालकांना लेखी कळवा. फोनवर नको, ईमेल किंवा मेसेजवर, नोंदीच्या पानांचे फोटो जोडून, आणि त्यांनी खालच्या मालकांशी बोलावं असं स्पष्ट मागा. सोसायटीचे सभासद ते आहेत, तुम्ही नाही, त्यामुळे कमिटीकडे अर्जही त्यांच्या नावानं गेला तर त्याला वजन राहतं.

आणि त्या अर्जात मुलांविषयी एक ओळही न लिहिता एक गोष्ट मागता येते. गच्चीवर जाऊन डक्टचं वरचं तोंड बघा. कबुतरं येतात म्हणून पुष्कळ इमारतींत त्यावर फायबरचा पत्रा टाकलेला असतो, किंवा जाळी बसवलेली असते आणि ती पिसांनी व काड्यांनी गच्च भरलेली असते. धुराड्याचं तोंड असं दाबल्यावर धूर वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत शिरणार नाहीतर जाणार कुठे? पत्रा हातभर उंच करून बाजूंना जाळी लावणं, असलेली जाळी साफ करणं हे सोसायटीचं काम आहे, कारण डक्ट सामाईक आहे. यानं तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांचाही त्रास कमी होईल, म्हणजे अर्जावर दुसरी सही मिळेल. गच्चीवर जाऊन बघायचं काम तुम्ही आजही करू शकता.

घर सोडायची वेळ आली, तर आधी करारातला लॉक-इन कालावधी तपासा. तो संपलेला नसताना 'आम्ही सोडतो' म्हणालात तर डिपॉझिटवर गोष्ट येते. आणि नवीन घर बघायला सकाळी अकराला जाऊ नका. रात्री नऊनंतर जा, बाथरूमचं दार लावून पाच मिनिटं आत उभे राहा. एजंट हसेल, हसू दे.

राहता राहिल्या काकू. तुम्ही त्याला गंमत म्हणालात, पण मला ती या पत्रातली महत्त्वाची गोष्ट वाटली. सिगारेटचा धूर आणि सुकटीचा वास एका तराजूत घालता येत नाहीत. धुरानं बाळ आजारी पडू शकतं, सुकटीनं काकूंचा फक्त रविवार बिघडतो. घरात काय शिजवायचं हे सेक्रेटरी ठरवू शकत नाहीत आणि तुम्ही सुकट बंद करायची काहीच गरज नाही. पण आकडे मागायचेच झाले तर काकूंचाही हक्क आहे: किती रविवार, किती वेळ, वास कुठून? मला वाटतं, तुमच्या मुख्य दारातून. कढईत सुकट पडली की धूर होतो, म्हणून आपण सहज दार उघडं टाकतो, आणि तो सगळा लॉबीत जाऊन काकूंच्या दारात उभा राहतो. इथे तुमचा तोच एक्झॉस्ट खरा कामाला येतो. मुख्य दार आणि बाथरूमचं दार बंद ठेवा, बाल्कनीची खिडकी उघडी ठेवा, पंखा चालू करा आणि मग मंद आचेवर भाजा, झाकण ठेवून, मधूनमधून हलवत. पंखा भाजून झाल्यावरही पंधरा मिनिटं चालू राहू दे. निवडलेली डोकी-शेपट्या दाराबाहेरच्या डब्यात टाकू नका, पिशवीत बांधून कचरागाडी येईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा.

आणि शनिवारी संध्याकाळी काकूंना एक मेसेज जाऊ दे, फक्त त्यांना: 'काकू, उद्या साडेअकराला सुकट भाजणार आहे, अर्धा तास लागेल. दार बंद ठेवते, एक्झॉस्ट लावते. तरी वास आला तर मला सांगा, सेक्रेटरींना नको.'